पैसेच परत हवेत

दुकानदाराने काउंटरच्या काचेवरून तो गुलाबी कागद आमच्याकडे सरकवला आणि काकीचा हात आपोआप पुढे गेला. कोणी काही दिलं की घ्यायचं, समोरच्याचा मान राखायचा, हे तिच्या अंगात मुरलेलं आहे. कागदावर दुकानाचा शिक्का होता, तिचं नाव होतं, सतरा हजार सातशेचा आकडा अक्षरी आणि अंकी लिहिलेला होता, आणि खाली बारीक अक्षरात ‘सहा महिन्यांसाठी वैध’. ती क्रेडिट नोट होती, पैशांऐवजी त्याच दुकानातून तेवढ्या रकमेचं दुसरं काही घ्यायचं कूपन. मी तिच्या मनगटावर हात ठेवला आणि म्हटलं, "काकी, घेऊ नकोस." दुकानातला पंखा गरगरत होता, बाहेर म्हापशाच्या बाजारात पावसाची सर आली होती, आणि त्या आवाजातही माझं वाक्य मला फार मोठं ऐकू आलं. दुकानदाराच्या चेहऱ्यावरचं हसू जरा आखडलं. "काकी, पयशे परत मेळचे नात," तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "पूण हांवें तुमचें लुकसाण केलां काय? पुराय रकमेची नोट दितां मरे." आम्ही कागद तिथेच ठेवून बाहेर पडलो. परतीच्या बसमध्ये काकी बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग हळूच म्हणाली, "आपण भांडलो काय गो त्याच्याशी?"

तो प्रश्न मला टोचत राहिला.

गोष्ट देव्हाऱ्याची. काकीच्या साखळीच्या घरातला जुना देव्हारा वाळवीने आतून पोखरला होता. काका गेल्यावर तिने स्वतःसाठी म्हणून फारसं काही घेतलेलं नाही, पण चवथीच्या आत देवांना नवं घर हवं, हा तिचा हट्ट होता. पेन्शनीतून थोडे थोडे बाजूला काढलेले पैसे होते. मे महिन्यात, मृग लागायच्या आधी, तिने म्हापशातल्या या दुकानात देव्हारा पसंत केला. बिलावर स्वच्छ लिहिलं होतं : ‘1 नग, टीक वूड मंदिर’. किंमत पंधरा हजार, वर अठरा टक्के जीएसटी म्हणजे दोन हजार सातशे, एकूण सतरा हजार सातशे. पाच हजार तिने आगाऊ रोख दिले होते, त्याची पावती घेतली होती, आणि उरलेले बारा हजार सातशे मी माझ्या फोनवरून यूपीआयने भरले. टेंपोवाल्याचे पैसे वेगळे.

जुलैच्या मध्याला काकीचा फोन आला की देव्हाऱ्याच्या खालच्या फळीला काहीतरी झालंय. आपल्याकडच्या पावसात काय होतं ते कुणाला सांगायला नको. भिंतींना घाम सुटतो, कपाटातल्या चपलांवर पांढरी बुरशी चढते, मीठ पाणी धरतं. सागवानही हवेतली ओल घेतं, थोडं फुगतं, दार जरा घट्ट बसू लागतं, आणि नवरात्र उलटल्यावर पुन्हा जागेवर येतं. इथे तसं नव्हतं. खालच्या फळीची कड जवळजवळ दुप्पट जाड झाली होती, तिच्यावरची लाकडी रेषांची चकचकीत कातडी सुटून वर वळली होती, आणि बोट लावलं की आतून ओलसर तपकिरी भुगा निघत होता. काकीने तिथे पितळेची समई ठेवायची सोडली होती, कारण ती कलत होती. शेजारच्या मेस्ताला बोलावलं. त्याने पटाशीचं टोक कडेखाली घातलं, कागदाएवढा पातळ पापुद्रा अलगद उचलला, वास घेतला आणि म्हणाला, हे सागवान नव्हेच, एमडीएफवर सागाचा व्हिनियर चिकटवलाय. लाकडाचे तंतू गोंदासारख्या रसायनात दाबून केलेली ती फळी. तिला रेषा नसतात, नैसर्गिक तेल नसतं. पाणी एकदा आत शिरलं की ती फुगते, आणि फुगलेली पुन्हा बसत नाही. मी त्या जागेचे फोटो काढले, एक जवळून, एक बिल शेजारी धरून. मेस्ताकडून दोन ओळी लिहून, सही घेऊन ठेवल्या.

एवढं सगळं तपशिलात सांगते आहे त्याला कारण आहे. दुकानाने दिलेली क्रेडिट नोट नाकारायची की घ्यायची, याचं उत्तर त्या कागदात नसतं. ते त्याच्या आधीच्या प्रश्नात असतं : पैसे परत मिळायचा तुमचा हक्क मुळात आहे का? माझ्या भाचीने पणजीच्या एका दुकानातून ड्रेस घेतला, घरी आल्यावर तिला रंग आवडला नाही, म्हणून ती बदलायला गेली. दुकानाने बदल्यात तेवढ्याच रकमेचं कूपन दिलं. तिथे तक्रारीला जागाच नव्हती. ड्रेस धड होता, बिलात लिहिलं तोच होता, मन हिचं बदललं होतं. नुसतं मन बदललं म्हणून माल परत घेण्याची सक्ती आपल्याकडचा कायदा दुकानदारावर करत नाही. अशा वेळी त्याने कूपन दिलं तर तो त्याचा चांगुलपणा, आणि कूपनाच्या अटी त्याच्या. पण माल सदोष निघाला, किंवा सांगितलं एक आणि दिलं दुसरंच, किंवा पैसे घेऊन माल दिलाच नाही, तर चूक विकणाऱ्याची. मग तो देतो ते कूपन ही सवलत राहत नाही. ते तुमच्याच पैशांना बांधलेलं दावं असतं.

मी म्हापशात एका कर सल्लागाराच्या कार्यालयात काम करते. दुकानांच्या वह्या, बिलं, विवरणपत्रं यांत माझा दिवस जातो. त्यामुळे हा गुलाबी कागद दुसऱ्या बाजूने कसा दिसतो तेही मला ठाऊक आहे. दुकानाच्या हिशोबात अशी नोट देणं म्हणून नोंदवली जाते, ग्राहकाला द्यायची बाकी. म्हणजे काकीने ती घेतली असती तर तिने त्या दुकानाला सतरा हजार सातशे रुपये सहा महिन्यांसाठी बिनव्याजी वापरायला दिले असते. सहा महिन्यांत ती गेली नाही तर ते देणं वहीतून पुसलं जातं आणि दुकानाचं उत्पन्न होतं. मधल्या काळात दुकान बंद पडलं तर नोट हातात धरून ती इतर येणेकऱ्यांच्या रांगेत, तीही तारण नसलेल्यांच्या रांगेत, उभी राहणार. एखाद्या दुकानाने फक्त आपल्याच दुकानात चालणारं कूपन काढलं तर त्याला रिझर्व्ह बँकेची मान्यता लागत नाही. म्हणजे बँकेच्या किंवा वॉलेटच्या पैशांवर जी देखरेख असते ती या कागदावर नसते. शिवाय ते फर्निचरचं दुकान. दुसरा देव्हारा हवा तर तोही त्याच फळीचा. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या बाईने सतरा हजारांचं आणखी काय घ्यायचं? सोफा?

दुसऱ्या भेटीत त्याने रक्कम वाढवली. "एकोणीस हजारांची करून देतो," म्हणाला. काकीने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर तो क्षण मला सगळ्यात अवघड वाटला, कारण आता नाही म्हणणं हावरेपणाचं दिसत होतं. समोरचा माणूस जास्त देतोय आणि आपण अडून बसलोय. पण ते एकोणीस हजार त्याच्या छापील भावातले. त्याला ते खरेदीच्या भावात पडणार, आणि काकीला ते त्याच्या चार भिंतींबाहेर कुठेही चालणार नाहीत. त्या पैशांतून तिला औषधं घेता येणार नव्हती, वीजबिल भरता येणार नव्हतं, आणि आमच्या मेस्ताकडून खऱ्या सागाचा लहानसा देव्हाराही करून घेता येणार नव्हता. तिला शेवटी हवं होतं ते हेच.

पैसे परत द्यायला दुकानदाराच्या नाही म्हणण्याला तीन आधार होते, आणि ते तिन्ही तो अगदी प्रामाणिकपणे मानत होता असं मला वाटतं. पहिला, बिलाच्या तळाशी छापलेलं वाक्य : एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही, बदली सात दिवसांत, रोख परतावा नाही. हे वाक्य पाहून बहुतेक गिऱ्हाईक तिथूनच मागे फिरतं. पण 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा, जो जुलै 2020 पासून लागू आहे, त्याच्या कलम 2(47) मध्ये अनुचित व्यापारी प्रथांची यादी आहे. सदोष माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे परत करायला बिलात दिलेल्या मुदतीत, मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, नकार देणं हे त्या यादीत आहे. माल अमुक दर्जाचा आहे असं खोटं सांगून विकणं हेही तिथेच आहे. आता कोणी म्हणेल, इथे तर दुकानदाराने सात दिवस छापले होते आणि आम्ही गेलो जुलैत. सात दिवस उलटले म्हणून खोटं वर्णन खरं होत नाही. वर्णन सांगून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळलाच पाहिजे, हे तर 1930 च्या माल विक्री कायद्याच्या पंधराव्या कलमापासून चालत आलेलं आहे. आणि ग्राहक आयोगाकडे जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे, सात दिवसांची नाही.

दुसरा आधार, "जीएसटी भरून झालाय, आता पैसे परत कसे करणार?" हे मी रोज ऐकते, आणि इथे मात्र मला बोलल्याशिवाय राहवलं नाही. माल परत आला किंवा सदोष निघाला तर विकणाऱ्याने काय करायचं, हे जीएसटी कायद्याच्या कलम 34 मध्येच दिलेलं आहे. त्याने मूळ बिलाच्या संदर्भाने कराची क्रेडिट नोट काढायची, ती आपल्या विवरणपत्रात दाखवायची, आणि भरलेला कर त्याच्या पुढच्या देण्यातून वळता होतो. त्यासाठी त्याच्याकडे, ज्या आर्थिक वर्षात विक्री झाली ते संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत वेळ असतो. मे महिन्यातल्या विक्रीसाठी म्हणजे वर्षाहून जास्त. काकीचे सत्तावीसशे रुपये सरकारकडे अडकले नव्हते. ते त्याला परत मिळण्यासारखे होते, अट एवढीच की तो बोजा गिऱ्हाइकाच्या माथी राहता कामा नये. ती करातली नोट हा त्याचा आणि खात्याचा मामला. ती काढल्याने काकीला रोख देणं टळत नाही.

तिसरा आधार मला सगळ्यात जास्त लागला. "आमच्याकडे अशीच पद्धत आहे, आतापर्यंत कोणी काही बोललं नाही."

कोणी बोललं नाही हे खरंच असेल. साखळी, डिचोली, म्हापसा, सगळी माणसं एकमेकांना कुठून ना कुठून लागतात. दुकानदाराच्या मामाचं घर काकीच्या माहेरच्या वाड्यावर. उद्या जत्रेत समोरासमोर येणार, लग्नात एका पंगतीला बसणार. अशा ठिकाणी पैसे परत मागणं म्हणजे त्या माणसाला खोटा म्हणण्यासारखं वाटतं, आणि कूपन घेणं म्हणजे दोघांचीही लाज झाकणं. मीही तिथे उभी असताना हे सगळं माझ्या आत चाललं होतं. तो काही लबाड माणूस नव्हता. कदाचित त्यालाही पुरवठादाराने साग म्हणूनच विकलं असेल. पण मग त्याने पुरवठादाराला धरावं, ती विक्रीची साखळी काकीपाशी येऊन का थांबावी?

विमानाच्या तिकिटांची आठवण मला त्याच दिवशी आली. 2020 च्या टाळेबंदीत आखातातून, मुंबईहून, बंगळुरूहून घरी येणाऱ्या कितीतरी गोंयकारांची तिकिटं रद्द झाली आणि पैशांऐवजी ‘क्रेडिट शेल’, म्हणजे त्याच कंपनीच्या पुढच्या तिकिटासाठी जमा ठेवलेली रक्कम, हातात आला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 1 ऑक्टोबर 2020 चा निकाल मी तेव्हा कामाच्या निमित्ताने वाचला होता. टाळेबंदीच्या काळातल्या प्रवासासाठी त्याच काळात काढलेल्या तिकिटांचे पूर्ण पैसे लगेच परत करायचे, असं त्यात होतं. आधी काढलेल्या तिकिटांसाठी, कंपनी खरोखरच आर्थिक अडचणीत असेल तर, 31 मार्च 2021 पर्यंतचा क्रेडिट शेल चालेल असं म्हटलं. पण त्यावर प्रवाशाला जून 2020 पर्यंत दरमहा अर्धा टक्का आणि पुढे पाऊण टक्का वाढ द्यायची, तो दुसऱ्याला देता यावा, आणि मुदतीअखेर जे वापरलं नाही ते पैशांत परत करायचं. साऱ्या जगाचं उड्डाण थांबलेलं असतानाही न्यायालयाने त्या कागदाकडे जणू प्रवाशाने दिलेलं कर्ज म्हणून पाहिलं, त्याला वाढ लावली आणि शेवट रोखीत केला. विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परतावा नियमात तर स्पष्टच आहे की परतावा क्रेडिट शेलमध्ये ठेवायचा की नाही हा प्रवाशाचा अधिकार आहे, कंपनीची ठरलेली रीत असू शकत नाही. फर्निचरच्या दुकानाला तो नियम लागू नाही. पण निवड कोणाची, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे.

काकीचा हात मी धरला त्यामागे मात्र आणखी एक जुनं कलम होतं. 1872 च्या करार कायद्याचं कलम 63. ज्याला येणं आहे तो त्याच्या जागी दुसरं काहीही समाधान म्हणून स्वीकारू शकतो, आणि एकदा स्वीकारलं की मूळ येणं संपलं. कायदा कूपन घ्यायला मनाई करत नाही. तुम्ही राजीखुशीने घेतलंत तर तो तुमच्या दोघांतला समझोता. म्हणूनच काउंटरवरचं ते एक मिनिट महत्त्वाचं. नोटेच्या स्थळप्रतीवर सही केली, ‘हिशोब पूर्ण’ अशा ओळीखाली नाव घातलं, किंवा नोटेतून एखादी वस्तू घेतली, की पुढे कुठेही गेलात तरी समोरचा म्हणणार, यांनी मान्य केलं होतं. आणि बहुतेक दुकानांत नोट देताना मूळ बिल मागून घेतात, त्यावर ‘रिटर्न’ लिहून फाइलला लावतात. मग तुमच्याकडे उरतो फक्त त्यांचा कागद, त्यावर ‘टीक वूड’ नाही, किंमत कशाची ते नाही. त्यामुळे मूळ बिल हातातून सोडायचं नाही, झेरॉक्स द्यायची. वस्तू परत ठेवायचीच असेल तर ती का परत केली आणि पैसे येणे बाकी आहेत, असं लिहिलेली पोच घेऊनच ठेवायची. अ‍ॅपवरून घेतलेल्या मालाचंही असंच असतं. परताव्याच्या पानावर वॉलेटचा पर्याय आधीच निवडलेला असतो, आणि घाईत बटण दाबलं की तुम्हीच पसंती दिलीत असं होतं. पैसे ज्या खात्यातून गेले तिथेच परत मागायचा पर्याय खाली कुठेतरी असतो, तो शोधावा.

दुकानदाराने नंतर ती नोट काकीच्या व्हॉट्सॲपवर पाठवली. नुसता फोटो, आणि खाली हात जोडल्याचं चिन्ह. गप्प बसलो असतो तर तीही मूकसंमती ठरवता आली असती, म्हणून त्याच संध्याकाळी काकीच्या फोनवरून उत्तर गेलं : ‘ही क्रेडिट नोट मला मान्य नाही, मी ती वापरणार नाही. माझे सतरा हजार सातशे रुपये परत करावेत.’ काकी म्हणाली, खाली ‘कृपया’ घाल. घातलं.

मग पत्र. ते लिहिताना मी वकिली भाषा मुद्दाम टाळली. तारीख, बिल क्रमांक, बिलातलं वर्णन जसंच्या तसं, पैसे कसे दिले त्याचे दोन तुकडे, पाच हजार रोख पावतीसह आणि बारा हजार सातशे यूपीआयने व्यवहार क्रमांकासह. मग काय दिसलं ते, फोटो आणि मेस्ताच्या दोन ओळी जोडून. आपण क्रेडिट नोट देऊ केलीत, ती आम्ही नाकारली आहे, हे एक वेगळं वाक्य. पंधरा दिवसांत रक्कम या खात्यात भरावी, वस्तू आमच्या घरी सांभाळून ठेवली आहे, कधीही घेऊन जावी. हे शेवटचं लिहायला लोक विसरतात. पैसे मागायचे तर वस्तू परत द्यायची तयारी कागदावर दिसली पाहिजे, नाहीतर दोन्ही हवंय असा अर्थ निघतो. काकीने सही केली, साखळीच्या पोस्टातून स्पीड पोस्टने पाठवलं आणि पावती देवाच्या डब्यात ठेवली.

त्या पंधरा दिवसांत मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावरही तक्रार नोंदवली. तिच्याकडून फार अपेक्षा नव्हती, आणि तशी ठेवूही नये. ती समजूत घालते, तक्रार समोरच्यापर्यंत पोचवते, हुकूम देऊ शकत नाही. मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत तिचा फोन हलवतो, गावातल्या दुकानाच्या बाबतीत तेवढा नाही. हुकूम देऊ शकतो तो जिल्हा ग्राहक आयोग. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार ऑनलाइन करता येते, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. काकीसाठी हे काम उत्तर गोवा जिल्ह्यातच झालं असतं. कायद्याचा इरादा तीन महिन्यांत निकालाचा आहे, मालाची तपासणी करावी लागली तर पाच. प्रत्यक्षात वेळ लागतो, हे काकीला सांगणं मला भाग होतं. आणखीही एक सांगितलं. कलम 39 खाली आयोग दोष काढून द्यायला सांगू शकतो, बदली द्यायला सांगू शकतो, किंमत व्याजासह परत करायला सांगू शकतो, भरपाई देऊ शकतो. व्हाउचर त्यात नाही. पण दुकानदाराने उद्या खरोखर सागाचा, बिलाबरहुकूम देव्हारा आणून ठेवला तर रोखीचाच हट्ट धरणं कठीण जाईल. त्याच्याकडे तसा नव्हता, म्हणून आमची बाजू भक्कम होती.

मुदत संपण्याआधी त्याचा फोन आला, माझ्या नव्हे, काकीच्या फोनवर. आवाजात राग होता. "वकिलाकडे जायची काय गरज होती, काकी? घरचीच माणसं आपण." काकी म्हणाली, वकिलाकडे गेले नाही बाबा, माझ्या पुतणीने लिहिलं. मग थोडा वेळ दोघंही त्याच्या मामाच्या गुडघ्याबद्दल बोलली. पुढच्या आठवड्यात त्याचा टेंपो येऊन देव्हारा घेऊन गेला, आणि त्याआधी, आमच्या आग्रहाने, पूर्ण रक्कम काकीच्या खात्यात आली. सतरा हजार सातशे, एका रकमेत. त्याच्या हिशोबनीसाने कराची नोटही काढली असणार, त्याची प्रत आम्ही मागितली नाही. नेण्याआणण्याचा खर्च मात्र राहिला. भरपाई म्हणून तोही मागता आला असता आणि मला मागायचा होता. काकीने ऐकलं नाही. तिचे पैसे, तिची मर्जी. मी गप्प बसले, पण मनातून पटलेलं नाही, अजूनही नाही.

हे वाड्यावर पसरलं. एका दुपारी काकीची शेजारीण मिक्सरची पिशवी आणि एक चुरगळलेलं कूपन घेऊन आली. मिक्सरचं भांडं पहिल्याच वाटणाला तळातून गळत होतं. दुकानाने मिक्सर परत घेतला, बिल ठेवून घेतलं, साडेचार हजारांचं कूपन दिलं, आणि तिने त्यातून एक इस्त्री आणि कुकर घेतला. उरले अकराशे रुपये. कूपनाची तारीख संपायला थोडेच दिवस होते आणि दुकानात अकराशेत घेण्यासारखं काही नव्हतं. ते रोख मिळतील का, असं ती विचारत होती. मी कूपन उलटून पाहिलं. मागे छापलं होतं, शिल्लक रोख मिळणार नाही, आणि समोर तिची सही होती. मी तिला खरं ते सांगितलं, की साडेचार हजारांची गोष्ट आता संपली, ती तू घेतलीस तेव्हाच संपली. अकराशेसाठी तारखेच्या आत लेखी अर्ज करून बघ, मुदत वाढवून तरी माग, माझ्याकडून लिहून घेऊन जा. ती म्हणाली, सही कशावर केली ते मला कोणी वाचून दाखवलं नाही. काकीने तिला चहा दिला, आणि मी कागद काढून अर्ज लिहायला घेतला.